६३ निरीक्षणांचा दोन पानी गोषवारा: अग्निसुरक्षा तपासणी अहवाल सुविधा प्रमुखांपुढे ठेवताना

प्रश्न: आमच्या सात मजली, दीडशे खाटांच्या खासगी रुग्णालयाच्या अग्निसुरक्षा तपासणीचा ४१ पानी अहवाल ३ जूनला हाती आला. त्यात ६३ निरीक्षणे आहेत आणि सोबतच्या पत्रात सर्वांसाठी एकच, ३० दिवसांची मुदत आहे. फॅसिलिटी हेडना परवापर्यंत दोन पानांत ‘त्रुटी, मुदत, जबाबदार विभाग’ असा गोषवारा हवा आहे. मी प्रशासनात आहे, तांत्रिक माणूस नाही. प्रत्येक निरीक्षण एका ओळीत लिहिले तरी पाच पाने होतात. यातले काय गाळू?

उत्तर:

काहीही गाळू नका. गाळण्याचा विचार मनात येतो, कारण अहवाल ज्या क्रमाने लिहिलेला आहे त्याच क्रमाने तो लहान करण्याचा आपण प्रयत्न करतो. तपासणी करणारा माणूस गच्चीवरून निघतो, एकेक मजला उतरत तळघरापर्यंत येतो आणि दिसेल ते टिपत जातो, त्यामुळे त्याचा अहवाल त्याच्या चालण्याच्या क्रमाने असतो. सुविधा प्रमुखांना मात्र काम कोणाला सांगायचे, पैसे कशाला मंजूर करायचे आणि आज रात्री कशाची काळजी करायची, या क्रमाने माहिती हवी असते. म्हणून तुमचे खरे काम अहवाल छोटा करण्यापेक्षा तो नव्याने मांडण्याचे आहे. नीट मांडला की तो आपोआप छोटा होतो. मी बावीस वर्षे या क्षेत्रात आहे, पहिली काही वर्षे पंपांच्या देखभालीत आणि नंतर रुग्णालये व कार्यालयीन इमारती यांच्या अनुपालनाच्या कामात गेली, आणि साठ-सत्तर निरीक्षणांचा अहवाल पंचवीसपेक्षा जास्त ओळींचा झालेला मला क्वचितच आठवतो.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट पाहा, कारण पुढचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. सोबतचे पत्र कोणाचे आहे? ते अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दिलेली नोटीस असेल, तर ३० दिवस ही कायदेशीर मुदत आहे. ती तुम्ही किंवा तुमचे प्रमुख परस्पर बदलू शकत नाही, फार तर वाढवून मागू शकता. अहवाल जर तुम्हीच नेमलेल्या लायसन्सधारक एजन्सीचा किंवा सल्लागाराचा असेल, तर ३० दिवस ही त्यांची शिफारस आहे आणि कामनिहाय वेगवेगळ्या तारखा ठरवायला तुम्ही मोकळे आहात. मात्र त्या वेळी दुसरी तारीख आड येते. याच कायद्यानुसार मालकाला किंवा भोगवटादाराला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत व कार्यक्षम असल्याचे लायसन्सधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला फॉर्म बी म्हणतो ते, सादर करावे लागते. तुमचा अहवाल जूनचा आहे, म्हणजे जुलै दारातच आहे. पत्र कोणाचेही असो, गोषवाऱ्याच्या पहिल्या ओळीत ‘३० दिवस’ असे न लिहिता प्रत्यक्ष तारीख लिहा, आणि मुदत पत्राच्या तारखेपासून मोजायची की ते मिळाल्यापासून, हे पत्रातच वाचून ठरवा. या दोन मोजण्यांत चार-पाच दिवसांचा फरक सहज पडतो.

आता अहवाल पेन्सिल घेऊन वाचा आणि प्रत्येक निरीक्षणातल्या फक्त क्रियापदाखाली रेघ मारा. हे विचित्र वाटेल, पण तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या माणसाला यातून बरेच कळते. ‘बसवलेले नाही’, ‘कार्यरत नाही’, ‘दाखवता आले नाही’ आणि ‘तपासता आले नाही’ हे चार शेरे कानाला सारखेच नकारार्थी लागतात, पण त्यांतून निघणारी कामे चार वेगळ्या प्रकारची आहेत. बसवलेले नसेल तर खरेदी आणि कदाचित मंजूर नकाशा पाहणे आले, कार्यरत नसेल तर दुरुस्ती आली, आणि दाखवता आले नाही म्हणजे बहुधा कागद सापडला नाही, उदाहरणार्थ अग्निशामकांच्या दाबचाचणीची नोंद किंवा मागच्या सरावाचा अहवाल. ते काम एका दुपारी कपाट उघडून होते, किंवा चाचणीच झाली नव्हती असे लक्षात येऊन ते दुरुस्तीच्या गटात जाते.

चौथा शेरा सर्वांत फसवा. ‘शस्त्रक्रियागृह चालू असल्याने तेथील डिटेक्टर तपासता आले नाहीत’ ही त्रुटी नाही, पण ते डिटेक्टर चालतात असाही त्याचा अर्थ होत नाही. अशी निरीक्षणे बहुतेक गोषवाऱ्यांतून नाहीशी होतात, कारण त्यांच्यासमोर लिहायला दोष नसतो. तुम्ही त्यांना दुसऱ्या पानावर ‘अद्याप न तपासलेले’ असा स्वतंत्र मथळा द्या आणि त्यापुढेही पुनर्तपासणीची तारीख व विभाग लिहा. रुग्णालयात हे ठिकाण नेहमी अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह किंवा एमआरआयची खोली असते, म्हणजे जिथून माणसे हलवणे सर्वांत कठीण तीच जागा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बालके दगावली, तेव्हापासून मी तरी ‘तपासता आले नाही’ हा शेरा दुसऱ्या पानाच्या तळाशी ढकलत नाही.

यानंतर एकत्रीकरणाचे काम येते. तुमचा अहवाल मी पाहिलेला नाही, म्हणून माझ्या अलीकडच्या एका कामातले उदाहरण घेतो. इमारत तुमच्याएवढीच होती आणि अहवालात चार वेगवेगळ्या पानांवर ही चार निरीक्षणे होती. सातव्या मजल्यावरील हायड्रंटवर दाब ०.५ किलो. तिसऱ्या मजल्यावरील हायड्रंटवर दाब १.९ किलो. पंपगृहात जॉकी पंप बंद स्थितीत. मुख्य पंपाचा सिलेक्टर स्विच मॅन्युअलवर. प्रशासनातल्या बाईंनी प्रामाणिकपणे चार ओळी केल्या होत्या आणि पहिल्या दोन ओळींसमोर ‘हायड्रंट दुरुस्ती’ असे लिहिले होते.

आता थोडा हिशेब करू. पाण्याच्या दहा मीटर उंचीमुळे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो. सातव्या मजल्यावर अर्धा किलो म्हणजे डोक्यावर सुमारे पाच मीटर पाणी, आणि गच्चीवरच्या टाकीची उंची तेवढीच होती. तिसरा मजला त्याच्या चार मजले खाली, मजल्याला साडेतीन मीटर धरले तर चौदा मीटर, म्हणजे आणखी १.४ किलो, आणि बेरीज बरोबर १.९. दोन्ही हायड्रंट पूर्ण निर्दोष होते. त्यांच्यापर्यंत जो दाब पोहोचत होता तो केवळ वरच्या टाकीचा होता आणि पंपांचा त्यात काहीच वाटा नव्हता. सर्वांत प्रतिकूल ठिकाणच्या हायड्रंटवर साडेतीन किलो अपेक्षित असताना तिथे अर्धा किलो होता. चार निरीक्षणे म्हणजे एकच आजार होता.

आजाराचे मूळ पंप ऑपरेटरने सांगितले. हायड्रंटच्या नळ्यांतला दाब थोडा उतरला की जॉकी पंप आपोआप सुरू होऊन तो भरून काढतो, आणि खूपच उतरला तर मुख्य पंप सुरू होतो. इथे जॉकी पंप दर काही मिनिटांनी सुरू होई, कारण पाणी कुठेतरी जात होते. शेवटी तो गरम होऊन बंद पडला, मग मुख्य पंप अवेळी सुरू होऊ लागला, आणि रात्रपाळीच्या माणसाने वैतागून तो मॅन्युअलवर टाकला. पाणी जात होते ते गच्चीवर. टाकीतले पाणी नळीत उतरू देणारा पण नळीतले पाणी टाकीत परत जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह झिजलेला होता, आणि वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपातून रात्रभर पाणी पडत असे. ते सगळ्यांनी पाहिले होते, पण पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा फ्लोट बिघडला असेल असे समजून सोडून दिले होते.

म्हणून गोषवाऱ्यात एकच ओळ आली आणि तिचा मजकूर असा होता: ‘हायड्रंट यंत्रणेत पंपांचा दाब नाही, सातव्या मजल्यावर ०.५ किलो, अपेक्षित ३.५. गच्चीवरील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बदलणे, जॉकी पंप दुरुस्ती, मुख्य पंप ऑटोवर. अहवालातील क्र. ४, २७, ५१, ५२. जबाबदार: अभियांत्रिकी विभाग.’ मूळ अनुक्रमांक ओळीत ठेवणे मी सक्तीचे मानतो. उद्या अग्निशमन अधिकाऱ्याने क्रमांक ५१ चे काय झाले असे विचारले, तर प्रमुखांना उत्तर शोधत बसावे लागू नये.

तुम्ही तांत्रिक नाही, त्यामुळे असे मूळ तुम्हाला अहवालावरून दिसणार नाही, आणि ते तुमचे काम आहे असेही मी म्हणत नाही. तुम्ही एवढेच करा: एकाच यंत्रणेची सगळी निरीक्षणे एका कागदावर उतरवा आणि देखभाल अभियंत्याला दाखवून विचारा की ही सगळी एकाच बिघाडाची लक्षणे आहेत का. हा प्रश्न त्याला पूर्वी कोणी विचारलेला नसतो, कारण त्याच्याकडे निरीक्षणे एकेक करून पोहोचतात.

एकत्र करण्याच्या उलट कामही तितकेच लागते. काही निरीक्षणे एका वाक्याची असून त्यांत तीन विभागांची कामे दडलेली असतात. फायर डोअरचे उदाहरण प्रत्येक रुग्णालयात सापडेल. अहवाल म्हणतो, ‘जिन्याकडील अग्निरोधक दरवाजे नऊ ठिकाणी सदोष.’ छायाचित्रे नीट पाहा. तीन दरवाजांचे, दार आपोआप मिटवणारे क्लोजर तुटले आहेत, ते अभियांत्रिकी विभागाचे काम. चार दरवाजे स्ट्रेचर ने-आण करायला सोपे जावे म्हणून पाचर लावून किंवा व्हीलचेअर टेकवून उघडे ठेवले आहेत, ते परिचर्या विभागाचे. आणि दोन दरवाजांवर हजेरीच्या कार्डाचे चुंबकीय कुलूप असून आगीचा इशारा वाजल्यावर ते सुटत नाही, ते आयटी आणि सुरक्षा यांच्यातले. हे सगळे ‘अभियांत्रिकी’ असे लिहून दिले तर क्लोजर बदलले जातील, पाचर तिथेच राहील आणि कुलूप कोणी पाहणारही नाही. यांतले तिसरे सर्वांत गंभीर आहे, कारण तिथे माणूस दारापर्यंत पोहोचूनही आत अडकतो, आणि अहवालातल्या एका शब्दाच्या ‘सदोष’मध्ये ते दिसत नाही.

तुमच्यासारख्यांचे गोषवारे वाचताना शब्द सौम्य होण्याची एक खोड मला वारंवार दिसते. ती मी स्वतःही केली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका कार्यालयीन इमारतीच्या अहवालात ‘डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली, तीन प्रयत्नांत पंप सुरू झाला नाही’ असे स्पष्ट लिहिले होते. वरिष्ठांना भडक वाटू नये म्हणून मी ते ‘डिझेल पंप: देखभाल आवश्यक’ असे केले. त्यांनी ते नेहमीच्या वार्षिक देखभाल कराराचे काम समजून तिमाही भेटीवर सोडले, आणि दोन महिन्यांनी सरावाच्या वेळी वीज बंद केल्यावर सगळ्यांसमोर पंप सुरू झाला नाही. तो सराव होता म्हणून आज मी हे निवांत लिहितो आहे. तेव्हापासून माझा नियम असा की, आकडा आणि घडलेली गोष्ट मूळ शब्दांत ठेवायची. विशेषणे हवी तर काढावीत. ‘अत्यंत गंभीर’ काढले तरी चालेल, ‘सुरू झाला नाही’ काढू नये.

मुदतीकडे वळू. सर्व कामांना ३ जुलै लिहिणे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी आहे. ज्या कामाला पाच मिनिटे लागतात त्यालाही महिना मिळतो, आणि ज्याला दोन महिने लागतात ते महिन्याच्या शेवटी ‘प्रगतीपथावर’ असे दिसते. मी मुदत शेवटच्या तारखेपासून मागे मोजत येतो. दरवाजांचेच घ्या. समजा नऊपैकी दोन दरवाजांची पाने फुगून आली आहेत आणि ती बदलावीच लागतील. मापे घेणे आणि दरपत्रके मागवणे यात आठवडा जातो, मंजुरी आणि ऑर्डर यांना आणखी एक, चाचणी प्रमाणपत्रासह दरवाजा कारखान्यातून यायला माझ्या अनुभवात चार ते सहा आठवडे, आणि वॉर्ड चालू ठेवून बसवायला दोन-तीन दिवस. सगळे सुरळीत झाले तरी जुलैचा शेवट उजाडतो. ही गोष्ट आज, जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमुखांना कळली, तर ते मुदत संपण्याआधी खरेदी आदेशाची प्रत जोडून अधिकाऱ्याकडे लेखी मुदतवाढ मागू शकतात. मुदतवाढ मिळेलच असे नाही, ते अधिकाऱ्यावर आणि त्रुटीच्या स्वरूपावर आहे. पण ऑर्डर हातात असताना २० जूनला केलेला अर्ज आणि काहीच हातात नसताना ५ जुलैला केलेला अर्ज यांत फार अंतर आहे.

म्हणून लांबणाऱ्या प्रत्येक कामासमोर मी दोन तारखा लिहितो, एक तात्पुरत्या व्यवस्थेची आणि एक कायमच्या कामाची. तात्पुरती व्यवस्था म्हणजे ‘दक्षता घ्यावी’ असले वाक्य नव्हे. ती कोणी, कधीपासून, कुठे, अशी लिहिलेली असावी. दरवाजा येईपर्यंत त्या दोन जिन्यांच्या तोंडाशी ज्वलनशील सामान ठेवायचे नाही आणि सुरक्षा रक्षकाने दर दोन तासांनी फेरी मारून वहीत सही करायची, ही व्यवस्था झाली.

तात्पुरत्या व्यवस्थांमध्येही क्रम चुकला की नवा धोका तयार होतो. वरच्या हायड्रंटच्या उदाहरणात नवा व्हॉल्व्ह यायला आठ दिवस लागणार होते. तोवर गच्चीवरच्या टाकीचा गेट व्हॉल्व्ह बंद केला तर गळती थांबते, दाब टिकतो आणि मुख्य पंप लगेच ऑटोवर ठेवता येतो. पण मग वीज गेली आणि डिझेल पंपही सुरू झाला नाही, तर वरून उतरणारे थोडे पाणीही मिळणार नाही. त्यामुळे आधी डिझेल पंप प्रत्यक्ष सुरू करून पाहायचा, मगच गेट व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्यावर तारखेची पाटी लावायची. हा निर्णय अभियंत्याने लेखी घ्यावा, आणि गोषवाऱ्यात तो एका ओळीत यावा, कारण प्रमुखांना त्यांच्या इमारतीतला एक व्हॉल्व्ह मुद्दाम बंद ठेवला आहे हे माहीत असायला हवे.

कामांचा आपसांतला क्रमही तारखांत उतरला पाहिजे. विजेच्या शाफ्टमध्ये प्रत्येक मजल्यावर केबलभोवती उघडी भोके आहेत, असे सात वेळा लिहिलेले तुमच्याही अहवालात असेल. ती एक ओळ करा, पण ‘७ ठिकाणी’ हा आकडा ठेवा, नाहीतर कंत्राटदार पाच बुजवून बिल देईल. तारीख टाकण्याआधी आयटी विभागाला विचारा की पुढच्या दोन महिन्यांत नव्या केबल टाकायच्या आहेत का. असतील तर आज बुजवलेली भोके महिन्याभरात पुन्हा फोडली जातील आणि पुन्हा कोणी बुजवणार नाही. अशा ठिकाणी तोवर काढता-घालता येणाऱ्या अग्निरोधक उशा भरून ठेवतात, आणि कायमच्या कामाची तारीख केबलच्या कामानंतरची धरतात.

आता जबाबदार विभाग. एका ओळीत एकच नाव, हा नियम मी कधीच मोडत नाही. ‘अभियांत्रिकी / सुरक्षा / आयटी’ असे लिहिले की तिघेही दुसऱ्याच्या मेलची वाट पाहतात. चुंबकीय कुलपाच्या ओळीत तीन विभागांचा हात लागणार असला तरी जबाबदार एक, आणि बाकीच्यांची नावे ‘मदत’ म्हणून वेगळ्या रकान्यात. तो एक कसा निवडायचा? वस्तू कोणाच्या जागेत आहे यावरून ठरवू नका. ती दुरुस्त करण्याचा आदेश आणि खर्च कोण देऊ शकतो यावरून ठरवा. वॉर्डातला डिटेक्टर परिचारिकांच्या जागेत असतो, पण तो बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. उलट, दरवाजाला लावलेली पाचर अभियंता रोज काढेल आणि रोज परत येईल, कारण ती लावणाऱ्यांवर त्याचा हुकूम चालत नाही. तिथे अधिपरिचारिकांचेच नाव हवे. खरेदी विभागाचे नाव मी जबाबदार म्हणून लिहीत नाही. त्यांचे काम मागणीपत्र आल्यावर सुरू होते, आणि मागणीपत्र वेळेत न देणारा विभाग नंतर त्यांच्याकडे बोट दाखवतो.

उपाहारगृह आणि औषधाचे दुकान बाहेरच्या चालकांकडे असेल, तर ‘जबाबदार: कंत्राटदार’ असेही लिहू नका. त्याच्याकडून काम करवून घेणारा तुमच्या संस्थेतला माणूस लिहा. नोटीस इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला येते, आणि स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बाटल्या बाहेर हलवल्या नाहीत याचे उत्तर शेवटी तुमच्याच प्रमुखांना द्यावे लागते.

काही ओळी अशा उरतील की त्या कोणत्याच विभागाच्या नावावर नीट बसत नाहीत. तळघरात पार्किंगच्या जागी वैद्यकीय नोंदींची कपाटे लावली आहेत, अशी एक ओळ जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात असते. नोंदी विभागाला दुसरी जागा नाही, अभियांत्रिकीला जागा देण्याचा अधिकार नाही, आणि सुरक्षा विभाग फक्त अहवाल देऊ शकतो. अशा ओळी खुद्द प्रमुखांच्या आहेत. त्या टाळाव्यात किंवा कोणाच्या तरी गळ्यात माराव्यात असा मोह होतो, विशेषतः आपण त्यांचेच कर्मचारी असताना. तरी त्या पहिल्या पानावर सर्वांत वर ‘आपल्या निर्णयासाठी’ या मथळ्याखाली ठेवा, आणि प्रत्येकीसमोर निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा ते लिहा. कोणत्याही समंजस प्रमुखाला हाच भाग सर्वांत आधी हवा असतो. असे निर्णय सहसा दोन-चारच निघतात.

त्यांच्या लगेच खाली ‘आजच करावयाचे’ असा छोटा भाग ठेवा. यात पैसे न लागणारी आणि थांबवण्याचे काही कारण नसणारी कामे येतात: गच्चीच्या दाराचे कुलूप काढणे, जिन्यातल्या गाद्या आणि मोडक्या खुर्च्या हलवणे, हायड्रंटच्या पेटीसमोरची ट्रॉली काढणे. पंपाचा स्विचही यातलाच वाटतो, पण वरच्या उदाहरणातल्यासारखी गळती असेल तर आधी अभियंत्याला विचारा. ही कामे तुम्ही गोषवारा देईपर्यंत झालेली असली तरी ती यादीतून काढू नका, समोर ‘४ जूनला पूर्ण, छायाचित्र आहे’ असे लिहा. छायाचित्र अहवालातल्या छायाचित्राच्याच कोनातून काढलेले असावे. वेगळ्या कोनातून काढलेल्या रिकाम्या जिन्याचे चित्र पुनर्तपासणीत कोणी मानत नाही, कारण तो कोणत्या मजल्याचा जिना आहे हे त्यावरून कळत नाही.

पूर्ण झाले असे कधी म्हणायचे, हे प्रत्येक ओळीत आधीच ठरलेले बरे. पंपासाठी ‘दुरुस्ती झाली’ हा पुरावा पुरत नाही. सातव्या मजल्यावर पुन्हा मोजलेला दाब, तारीख आणि मोजणाऱ्याची सही, हा पुरावा. कुलपासाठी: आगीचा इशारा देणारा कॉल पॉइंट दाबला आणि दोन्ही दारे सुटली, असे पाहणाऱ्याचे नाव.

मूळ ६३ निरीक्षणे एक्सेलमध्ये जशीच्या तशी उतरवून ठेवा आणि प्रत्येकीसमोर ती गोषवाऱ्याच्या कोणत्या ओळीत गेली ते लिहा. ही नोंदवही तुमच्याकडे राहील, प्रमुखांकडे फक्त दोन पाने जातील. दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र बेरीज द्या. उदाहरणार्थ, ५२ निरीक्षणे २४ ओळींत एकत्र केली, ४ पूर्ण झाली, ५ अद्याप तपासता आली नाहीत आणि २ बाबत आपले म्हणणे वेगळे आहे, एकूण ६३. शेवटच्या दोन ओळी लोक हमखास वगळतात. निरीक्षण चुकीचे आहे असे तुमच्या अभियंत्याला वाटत असले, तरी ते मंजूर नकाशासह लेखी स्पष्टीकरण पाठवून मिटवायचे असते. तोपर्यंत ते उघडेच आहे आणि त्यालाही तारीख व नाव लागते.

हे सगळे ऐकायला लांबलचक वाटले तरी पहिला दिवस निरीक्षणे यंत्रणेनुसार वेगळी करण्यात आणि दुसरा दिवस माणसांना विचारण्यात असा वेळ वाटला तर जमण्यासारखे आहे. विभागप्रमुखांना त्यांच्या नावासमोरची तारीख गोषवारा वर जाण्याआधी दाखवा. तिथे थोडी घासाघीस होईल, ती होऊ द्या. आणि उद्या संध्याकाळी रात्रपाळी सुरू होताना दहा मिनिटे पंपगृहात जा. ऑपरेटरला जॉकी पंप दिवसातून किती वेळा सुरू होतो ते विचारा, मुख्य पंपाचा स्विच कुठे आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि वरच्या टाकीतून रात्री पाणी पडते का तेही विचारून घ्या.